एक दुपटं, चार टाके

मी शिवलेलं पहिलं दुपटं बाळाच्या अंगावर जायच्या आधीच उसवलं. तेव्हा मला धावदोरा एवढा एकच टाका येत होता. त्याच टाक्याने चारही बाजू शिवल्या, सहा इंचांचं तोंड ठेवलं आणि कापड उलटून सुलट करायला घेतलं. तिसरा कोपरा बोटाने बाहेर ढकलताना 'टर्र' आवाज झाला. दोरा एकाच ठिकाणी तुटला होता, पण बघता बघता वीतभर शिवण मोकळी झाली. नारायण पेठेतल्या मावशीने ते दुपटं हातात घेतलं आणि हसून म्हणाली, "अगं, इथे बखिया हवा होता. धावदोरा जोर येईल तिथे घालायचा नसतो."

पुढे सगळे टाके तिच्याकडूनच शिकले, तेही दुपटी शिवतानाच. नवख्याला मी आजही दुपटंच सुचवते. बखिया, स्लिप स्टिच, धावदोरा आणि ब्लँकेट स्टिच असे चारही टाके त्यात येतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते. रुमालावर टाक्यांचे नमुने गिरवून हाताला सवय होते, पण कुठला टाका कुठे घालायचा ते कळत नाही.

कापड आणि सामान

दोन जुन्या सुती साड्या घ्या. साडी उजेडात धरून बघा आणि दोन्ही अंगठ्यांनी थोडी थोडी ताणत जा. खालचा काठ टाचांना घासून विरलेला असतो आणि बसायच्या जागचं कापडही पातळ झालेलं असतं. कमरेत खोचलेला भाग बहुतेक धडधाकट निघतो, दुपटं त्यातूनच काढायचं. अंगठ्यांनी ताणताच कापड फाटत असेल, तर त्या साडीची फडकी करा. साडीत खळ असेल तर गरम पाण्यात भिजवून आधी काढून टाका, खळीच्या कापडात सुई अडते. पावसाळ्यात पुण्यात साडी दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहते. ओलसर असताना कापू नका. दमट कापड मापाला दगा देतं.

तयार दुपटं साधारण ३६ बाय ३० इंचांचं होईल, असं धरून तीन थर कापा: मधला ३८ बाय ३२, खालचा ३८ बाय ३२, आणि वरचा दोन रंगांच्या दोन तुकड्यांचा. वरचे दोन्ही तुकडे ३८ बाय साडेसोळा इंचांचे. मध्ये जोडताना दोघांची अर्धा-अर्धा इंच माया जाते आणि रुंदी बरोबर ३२ होते. माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. ती अर्ध्या इंचाहून कमी ठेवू नका, कारण जुन्या साडीचे धागे कडेने सुटतात.

सुया ७ ते ९ नंबरच्या घ्या. आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक. बखिया आणि स्लिप स्टिचला ९ नंबर चालते, धावदोरा तीन थरांतून जातो म्हणून तिथे ७. सुती दोऱ्याचं रीळ, कडेसाठी भरतकामाच्या दोऱ्याची लडी, टाचण्या आणि सुई ढकलताना बोटावर घालायचं अंगुस्तान एवढं तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. खुणा करायला खडू विकत घ्यायची गरज नाही. अंगाच्या साबणाची शेवटची पातळ चिपटी वाळवून ठेवा. तिची रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात जाते. अगदी पांढऱ्या कापडावर मात्र ती दिसत नाही.

दोरा वीस इंचांहून लांब ओवू नका. सारखं ओवायचा कंटाळा म्हणून लांबच लांब दोरा घेतला, तर तो पिळतो, गाठी पडतात आणि नेढ्यापाशी घासून झिजतो. दोरा पिळायला लागला की सुई खाली लोंबती सोडा, ती स्वतःभोवती फिरून पीळ काढते.

बखिया: जिथे ओढ बसते तिथे

आधी वरच्या थराचे दोन तुकडे जोडायचे. सुलट बाजू समोरासमोर ठेवा, कडा जुळवा, टाचण्या लावा आणि कडेपासून अर्ध्या इंचावर साबणाने रेघ मारा.

दोऱ्याला गाठ मारून सुई रेघेवर वर काढा. आता पुढे न जाता मागे या: जिथून दोरा वर आला, त्याच्या सुमारे तीन मिलिमीटर मागे सुई खाली घाला. खालच्या बाजूने दोन टाक्यांएवढं पुढे जा आणि वर काढा. परत मागे येऊन आधीचा टाका जिथे संपतो त्याच भोकात सुई घाला. एक पाऊल मागे, दोन पावलं पुढे, असं चालू ठेवायचं. वरून बघितलं तर मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ दिसते, आणि उलट बाजूला टाके एकमेकांवर चढलेले दिसतात.

शिवणीची ताकद त्या उलट बाजूला असते. तिथे प्रत्येक जागी दोरा दुहेरी असतो आणि प्रत्येक टाका शेजारच्याला धरून बसलेला असतो. धावदोऱ्यात दोरा सरळ पळत असतो. एका जागी तुटला की ओढ बसताच बाकीचा सरकत सुटतो, माझ्या दुपट्याचं तसंच झालं. बखियाचा दोरा तुटला तर दोन-तीन टाके जातात आणि तिथेच थांबतं. म्हणून पँटची मधली शिवण, ब्लाउजची काख, पिशवीचा बंद अशा जोर येणाऱ्या जागा हाताने शिवायच्या असतील, तर बखिया.

याची किंमत दोऱ्यात मोजावी लागते. वरून एक इंच आणि खालून दोन, म्हणजे इंचभर शिवणीला तीन इंच दोरा. वीस इंचांतले गाठीला आणि शेवटाला चार इंच गेले, तर एका ओवणीत पाच इंच शिवण होते. मधली जोड ३८ इंच आणि चार कडा मिळून १३०, असे १६८ इंच शिवायचे म्हणजे सुई तेहेतीस-चौतीस वेळा ओवावी लागेल. घरी मशीन असेल तर ही लांब शिवण खुशाल मशीनवर मारा. मधली जोड मात्र हाताने करा, ३८ इंचांत हात बसतो.

नवख्याची चूक इथे बहुधा एकच असते, मागे येताना आधीच्या भोकापर्यंत न पोचणं. मग टाक्यांत फटी राहतात आणि वरून ते धावदोऱ्यासारखं दिसतं. जोड झाल्यावर दोन्ही तुकडे धरून शिवण आडवी ताणा. फटींतून पलीकडचा उजेड दिसला, तर तेवढ्या भागावरून पुन्हा बखिया घाला, उसवत बसू नका.

जोड झाली की माया दोन्हीकडे न उघडता गडद रंगाच्या तुकड्याकडे पाडा आणि इस्त्री फिरवा. फिक्या रंगाकडे पाडली तर आतली गडद पट्टी वरून दिसत राहते.

आता थर मांडा. सर्वांत खाली मधला थर, त्यावर खालचा थर सुलट बाजू वर करून, त्यावर वरचा थर सुलट बाजू खाली करून. हा क्रम पहिल्यांदा विचित्र वाटतो, पण उलटल्यावर मधला थर बरोबर आत जातो. टाचण्या लावून चारही कडांना अर्ध्या इंचावर बखिया घाला. एका सरळ कडेच्या मध्यावर सहा इंच तोंड उघडं ठेवा, कोपऱ्याजवळ कधीही नाही. तोंडाच्या दोन्ही टोकांना एकाच जागी दोन-तीन टाके जास्त घ्या, उलटताना सगळा जोर तिथेच येतो. कोपऱ्यांची माया तिरकी कापा, शिवणीपासून तीन-चार मिलिमीटर सोडून. मग वरचा आणि खालचा थर यांच्यामधून हात घालून सगळं उलटा. कोपरे कात्रीच्या टोकाने काढू नका, लाटण्याच्या निमुळत्या टोकाने काढा.

स्लिप स्टिच: तोंड बंद करायला

सहा इंचांचं तोंड आता बाहेरून बंद करायचं आहे आणि टाका दिसता कामा नये. दोन्ही कडांची माया आत दुमडा. मधल्या थराची कड खालच्या थराबरोबर दुमडली जाईल. इस्त्री फिरवा, म्हणजे दोन घड्या एकमेकींसमोर ओठांसारख्या मिटतील.

गाठ घडीच्या आत लपेल अशी सुई आतून घालून एका घडीच्या अगदी कडेवर बाहेर काढा. तिथून बरोबर समोर, दुसऱ्या घडीच्या कडेत सुई घाला. ती घडीच्या पोटातून पाव इंच सरकवून बाहेर काढा. पुन्हा बरोबर समोरच्या घडीत, पुन्हा पाव इंच आतून. पुढे जायचं ते फक्त घडीच्या आतून, ओलांडताना पुढे सरकायचं नाही. हे पाळलं की दोन घड्यांमध्ये दोऱ्याची छोटी शिडी तयार होते आणि तिच्या पायऱ्या सरळ असतात. चार-पाच टाके झाले की दोरा हळूच ओढा. पायऱ्या आत जातात, घड्या मिटतात आणि दोरा दिसेनासा होतो.

ओढल्यावरही बारीक तिरके टाके दिसत राहिले, तर तुम्ही ओलांडताना पुढे सरकताय. दोरा सैल करून शिडीकडे बघा, तिरकी पायरी लगेच सापडते. दोरा फार ओढला तर कडेला चुणी पडते. अशा वेळी टाके कापू नका, कड दोन बोटांत धरून ताणली की दोरा जागेवर येतो.

शेवटी घडीलगत छोटी गाठ मारा, सुई तिथूनच आत घालून इंचभर अंतरावर बाहेर काढा आणि हलकासा झटका द्या. गाठ 'टक्' करून आत जाते. उरलेला दोरा कापडालगत कापा.

उशीची उसवलेली कड किंवा जॅकेटच्या अस्तराची सुटलेली कड, म्हणजे आतून हात घालता येत नाही अशा कुठल्याही जागी हाच टाका. पण तो जोराचा नाही. सहा इंचांचं तोंड तो सांभाळतो, पिशवीचा तळ सांभाळणार नाही. साडीच्या फॉलची वरची कड ही याचीच जवळची नातलग: तिथे फॉलच्या घडीतून सुई काढून साडीचे एक-दोनच धागे उचलायचे. तीन-चार धागे उचलले की साडीच्या सुलट बाजूला ठिपक्यांची ओळ दिसते. फॉल आधी भिजवून वाळवला नसेल, तर तो पहिल्या धुण्यात आटतो आणि साडी गोळा होते. त्यावर कुठलाही टाका उपाय नाही.

धावदोरा: थर एकत्र ठेवायला

ज्या टाक्याने माझं दुपटं बिघडवलं, तोच दुपट्याचं खरं अंग आहे. मधला थर धुण्यात सरकू नये म्हणून सगळ्या दुपट्यावर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या. इथे शिवणीला ओढ नसते, जोर सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो. म्हणून धावदोरा पुरतो. इंचभर ओळीला इंचाहून जरासाच जास्त दोरा लागतो, त्यामुळे तो हलका आणि मऊ राहतो. याच जागी बखिया घातला तर दुपटं चटईसारखं ताठ होईल.

आधी कच्चे टाके मारा. दुपटं फरशीवर पसरा, मध्यापासून कडांकडे तळहाताने सपाट करा आणि दोन-दोन इंचांचे लांब टाके घालून उभ्या-आडव्या पाच-सहा ओळी टाचून घ्या. कच्चा टाका म्हणजे ढिला, लांब धावदोराच, नंतर ओढून काढायचा. हे काम टाळलं तर खालचा थर कुठेतरी दुमडतो आणि ते सगळ्या ओळी झाल्यावर कळतं.

साबणाने इंच-इंच अंतरावर रेघा मारा आणि मधल्या रेघेपासून सुरू करून बाहेर सरका. सुई आत-बाहेर करत एका वेळी तीन-चार टाके सुईवर घ्या, मग दोरा ओढा. टाका आंबेमोहोराच्या दाण्याएवढा ठेवा. हे माप मावशीचं. ती मुळशीकडची, तिला तांदळाची मापं सुचतात. दाणा आखूड असतो, साधारण पाच मिलिमीटर. बाळाच्या दुपट्याला याहून लांब टाका घालू नये, त्यात बाळाचं बोट अडकतं. आपल्या पांघरुणाला लांब टाका चालतो.

दर दोन-तीन सुयांनी दुपटं उलटून बघा. तीन थरांत सुई कधी कधी खालचा थर सोडून जाते, मग वर ओळ दिसते आणि खाली मधेच मोकळी जागा. टाका बारीक असेल तर सुई तिरकी लोटू नका, उभी घाला आणि अंगुस्तानाने मागून ढकला. टाके सारखे येत नाहीत म्हणून उसवू नका. पहिल्या दोन ओळी वेड्यावाकड्या येतात, पाचव्या ओळीपासून हात आपोआप मोजतो.

दोरा ताणला आहे का ते असं बघा: ओळीची दोन टोकं दोन्ही हातांत धरून कापड हळूच ताणा. दोरा 'कट्' करून तुटला किंवा कापड ताणलंच गेलं नाही, तर ओढ जास्त झाली. बारीक लाटा येणं ठीक आहे, धुतल्यावर त्याच मऊपणा देतात. या लाटांमुळेच दुपटं दोन्हीकडून सुमारे इंचभर आटतं. ३७ बाय ३१ उलटलं होतं, ते ३६ बाय ३० च्या आसपास येतं. शेवटी कच्चे टाके काढायला विसरू नका.

ब्लँकेट स्टिच: कड

कड आतून शिवलेली आहेच, तरी दुपट्याची कड सर्वांत आधी झिजते. ब्लँकेट स्टिच त्या कडेवरून दोऱ्याचं कुंपण घालते. लोकर किंवा फेल्टसारख्या न दुमडता येणाऱ्या जाड कापडाला तर हाच टाका. काजाचा टाका याचा चुलतभाऊ, फक्त तो दाट असतो आणि कडेवर गाठ घेतो.

भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले तीन घ्या. वापरण्याआधी दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दहा मिनिटं दाबून ठेवा. मी एकदा लाल दोऱ्याची ही परीक्षा घेतली नाही आणि पहिल्या धुण्यात पांढरी कड गुलाबी झाली.

कड स्वतःकडे धरा. उजव्या हाताचे लोक डावीकडून उजवीकडे जातात, डावऱ्यांनी उलट जावं. गाठ थरांत लपवून दोरा कडेवर बाहेर काढा. पाव इंच उजवीकडे आणि कडेपासून पाव इंच आत, वरून सुई खाली घाला. ती कडेच्या खालून तुमच्याकडे अर्धी बाहेर येईल, तेव्हा दोरा सुईच्या टोकाखालून जाऊ द्या आणि मग ओढा. दोरा सुईखाली नसेल तर कडेवर फास बसत नाही, नुसता वळसा पडतो. ओढ अशी ठेवा, की आडवा दोरा बरोबर कडेवर टेकेल. तो वरच्या बाजूला चढला तर ओढ जास्त, लोंबत असेल तर कमी.

कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके घ्या: एक कोपऱ्याच्या अलीकडे, एक तिरका कोपऱ्यात, एक पलीकडे. दोरा चार इंच उरला की थांबा, सुई थरांच्या आत घालून इंचभर लांब काढा आणि कापा. नवा दोरा शेवटच्या फासातून बाहेर काढून सुरू करा, म्हणजे जोड दिसत नाही. या टाक्यालाही इंचाला तीन इंच आणि वर थोडा दोरा जातो, त्यामुळे एका रंगाच्या लड्या आधीच मोजून आणा. लडीवरचा रंगाचा आकडा तोच असला, तरी दुसऱ्या वेळी रंग अगदी तोच मिळेल असं नाही.

दुपटं झालं की एकदा धुवून सावलीत वाळवा. वाळल्यावर हाताने सगळीकडे चाचपा आणि कडेचा प्रत्येक फास करंगळीने उचलून बघा. करंगळी आत गेली, तर तो फास मोठा आहे, तिथे मध्ये एक टाका घाला. मग सुया मोजा. शिवायला बसताना तीन काढल्या असतील, तर तीन डबीत दिसल्या पाहिजेत. एक कमी पडली तर ती सापडेपर्यंत दुपटं बाळाजवळ नेऊ नका. लोहचुंबक कापडावरून फिरवला, की ती बहुतेक धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्येच सापडते.